ताप आला की गार पाण्याने अंग पुसताय? या चुका टाळा

रात्री दीडच्या सुमारास दवाखान्याची बेल वाजली. जुलै महिना, बाहेर पावसाची रिपरिप. दारात आई, बाबा आणि आजी, आणि आईच्या कडेवर अडीच वर्षांचा मुलगा. अंगात फक्त एक ओली बंडी, केस ओले, ओठ निळसर, दात कडकड वाजत होते. आई रडवेली झाली होती. "मॅडम, दोन तासांपासून पुसतोय. पुसलं की उतरतो आणि परत चढतो. आता एकशे चारच्या वर गेलाय."

मी आधी त्याची ओली बंडी काढायला लावली, अंग कोरडं केलं आणि आजींच्या खांद्यावरची शाल त्याला गुंडाळली. आजींना ते मुळीच पटलं नाही. "अहो, ताप असताना गुंडाळताय?" त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि हा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठीच लिहिते आहे. लहान मुलांचे ताप पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली. तापापेक्षा ताप उतरवण्याच्या धडपडीने हैराण झालेली मुलं मी त्यात पुष्कळ पाहिली.

त्या रात्री घरी काय घडलं

घरी काय काय झालं ते मी विचारून लिहून घेतलं. रात्री साडेआठला ताप 101.8 होता. मुलगा थोडा मलूल होता, पण गाडी घेऊन खेळत होता. आईने पॅरासिटामॉलचं औषध 5 मिली दिलं. साडेअकराला त्याचे हातपाय गार पडले, अंग थरथरायला लागलं, काखेतला ताप 103.6 भरला. घाबरून फ्रिजमधल्या पाण्यात फडकी भिजवून वीस मिनिटं डोक्यापासून पायापर्यंत पुसून काढलं. पंखा पाचवर. बारा वाजता थर्मामीटर 101.9 दाखवत होता. सगळ्यांना हायसं वाटलं. पाऊण वाजता तोच ताप 104.2. मग पुन्हा पुसणं, पुन्हा थरथर, आणि घाबरलेल्या बाबांनी कपाटातल्या दुसऱ्या बाटलीतून आणखी 5 मिली औषध.

कुणीही निष्काळजीपणा केलेला नव्हता. तिघंही जागी होती आणि जिवापाड धडपडत होती. पण या साडेचार तासांत चार चुका झाल्या, आणि त्या चारही चुका मला घरोघरी दिसतात.

पहिली चूक: ताप म्हणजे नुसतं "अंग तापणं" असं समजणं

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत फ्लोट असतो. पाणी त्याच्या खुणेखाली गेलं की मोटर चालू होते, खुणेला पोचलं की बंद होते. आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, तो शरीराच्या उष्णतेचा फ्लोट. एरवी त्याची खूण 98 ते 99 फॅरनहाइटच्या आसपास असते. जंतू शरीरात शिरले की पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, त्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो, आणि तो ही खूण वर सरकवतो, समजा 104 वर.

आता शरीराच्या दृष्टीने 101 हे कमी आहे. टाकी रिकामी आहे. म्हणून मोटर चालू होते. कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे उष्णता बाहेर जायला नको. म्हणूनच हातपाय गार पडतात आणि पोट, कपाळ भाजतं. स्नायू थरथरायला लागतात, कारण थरथरण्यातून उष्णता तयार होते. हीच ती हुडहुडी. आत ताप चढत असताना माणसाला थंडी का वाजते, याचं उत्तर हेच: खुणेच्या मानाने तो खरोखरच थंड असतो. ताप 104 ला पोचला की थंडी थांबते. पुढे जंतूंचा जोर ओसरला किंवा औषधाने खूण खाली आली की जास्तीची उष्णता बाहेर टाकायची असते, म्हणून कातडी लाल आणि गरम होते आणि घाम फुटतो. "घाम आला, आता ताप उतरणार" हे आपल्या आज्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

एवढं ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

दुसरी चूक: गार पाण्याने अंग पुसणं

फ्लोटची खूण 104 वर असताना टाकीतून बादल्या भरून पाणी उपसलं तर काय होईल? पाणी थोडं खाली जाईल आणि मोटर जोरात सुरू होईल. गार पाण्याने पुसणं म्हणजे ही बादलीने उपसण्याची क्रिया. कातडी गार होते, मेंदूला वाटतं की आणखी थंडी आली, आधीच आवळलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात आणि अंग थरथरायला लागतं. जोरात थरथरताना शरीरात उष्णता नेहमीच्या कितीतरी पट तयार होते. म्हणजे आपण बाहेरून गारवा देतो आणि मूल आतून भट्टी पेटवतं. दोन्हींची झुंज लागते, आणि ती आपण एका आजारी, थकलेल्या, पाण्याची कमतरता असलेल्या मुलाच्या अंगावर लावतो. त्याच्या हृदयाची धडधड वाढते, श्वास वाढतो, प्राणवायूची गरज वाढते. मुलाला हे अतिशय नकोसं होतं आणि ते किंचाळून रडतं. रडण्यानेही अंग तापतंच.

यात आणखी एक फसगत आहे, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. बारा वाजता थर्मामीटरने जे 101.9 दाखवलं, ते खरं नव्हतं. नुकत्याच गार फडक्याने पुसलेल्या काखेत थर्मामीटर लावला तर तो कातडीचा गारवा मोजतो, शरीराच्या आतला ताप नाही. कपाळावर धरायचा थर्मामीटर तर ओल्या कपाळावर हमखास खोटं सांगतो. म्हणजे "पुसलं की उतरतो आणि परत चढतो" यातलं उतरणं निम्मंअधिक दिखाऊ असतं. आत ताप होता तिथेच असतो, आणि पाऊण तासाने कातडी गरम झाली की आपल्याला वाटतं की तो झपाट्याने चढला. मग भीती दुप्पट होते आणि पुसणंही दुप्पट होतं.

पुसण्यावर अनेक देशांत छोट्या छोट्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांचा एकत्रित आढावाही घेतला गेला. पॅरासिटामॉलच्या जोडीला कोमट पाण्याने पुसलं तर पहिल्या तासाभरात ताप किंचित लवकर उतरतो, पण थोड्याच वेळात दोन्हीकडची मुलं सारखीच होतात. पुसलेल्या मुलांना मात्र थरथर आणि अंगावर काटा जास्त येतो. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हणूनच तापासाठी कोमट पाण्याने पुसण्याचीही शिफारस नाही. गार पाण्याचा तर प्रश्नच नाही.

"मग कपाळावर घडीसुद्धा ठेवायची नाही का?" हे आजींनी त्याच रात्री विचारलं. साध्या पाण्यात पिळलेली घडी कपाळावर ठेवून मुलाला बरं वाटत असेल, ते शांत पडून राहत असेल, तर खुशाल ठेवा. कपाळ म्हणजे अंगाचा अगदी छोटा भाग, तिथल्या घडीने ताप फारसा हलत नाही. तिथे जो उपयोग होतो तो आईच्या हाताचा, आणि तो काही कमी नाही. मूल घडी झटकून टाकत असेल तर मात्र ठेवू नका. पाण्यात मीठ घालण्याने काहीही वेगळं होत नाही. बर्फ नको. आणि कोलन वॉटर, जे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या तापाच्या घडीसाठी कपाटात ठेवलेलं असतं, ते लहान मुलांना वापरूच नका. त्यात अल्कोहोल असतं. ते मुलांच्या पातळ कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं. अशा पदार्थांनी अंग चोळल्यामुळे मुलं गुंगीत गेल्याच्या, रक्तातली साखर घसरल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

मग करायचं काय? मुलाचं शरीर काय मागतंय ते पाहा. थंडी वाजते आहे, हातपाय गार आहेत, तोवर एक पांघरूण द्या. तीन गोधड्या आणि बंद खिडक्या नकोत, एक चादर किंवा शाल पुरते. थंडी थांबली, अंग एकसारखं गरम झालं, मूल पांघरूण लाथाडायला लागलं की ते काढा, पातळ सुती कपडे राहू द्या, पंखा मंद ठेवा. घाम आला की कोरड्या फडक्याने टिपा आणि कपडे बदला. आणि सतत थोडं थोडं प्यायला द्या: पाणी, भाताची पेज, ताक, नारळपाणी, अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचं दूध. तापात श्वासातून आणि घामातून पाणी जास्त जातं. जेवण दोन दिवस कमी झालं तर काळजी करू नका, पिणं कमी झालं तर करा.

इथे एक अपवाद आहे, आणि तो नीट ओळखा

उष्माघात म्हणजे ताप नव्हे. मे महिन्याच्या दुपारी उन्हात काम करून कोसळलेला माणूस, बंद मोटारीत राहिलेलं मूल, यांच्या मेंदूतली खूण जिथल्या तिथेच असते. फ्लोट ठीक असतो, पण बाहेरून इतकं पाणी येतं की टाकी ओसंडून वाहते. तिथे बादल्यांनी उपसणं हाच उपाय आहे. विदर्भ, मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हा प्रसंग कुणावरही येऊ शकतो. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध किंवा शुद्ध हरपलेली, आणि आधी उन्हात किंवा कोंडलेल्या उकाड्यात असल्याचं माहीत असेल तर माणसाला लगेच सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, जोरात वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा आणि रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नसतो, कारण ते औषध खूण खाली आणतं, आणि इथे खूण चढलेलीच नाही.

उष्माघाताचा उपाय तापाला लावला की मुलाचे हाल होतात, आणि तापाचा उपाय उष्माघाताला लावला की वेळ वाया जातो.

तिसरी चूक: आकड्याच्या मागे धावणं

ताप मुळात उतरवायचाच का, हा प्रश्न आपण विचारतच नाही. थर्मामीटर 100 च्या वर दिसला की हात बाटलीकडे जातो.

1975 साली अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातल्या इग्वाना जातीच्या सरड्यांवर एक प्रयोग केला. सरड्याला आपल्यासारखं आतून अंग तापवता येत नाही. आजारी पडला की तो उठून जास्त गरम जागी जाऊन बसतो, तोच त्याचा ताप. जंतूंची लागण केलेले हे सरडे 34 ते 42 अंश सेल्सियसच्या वेगवेगळ्या पेट्यांत ठेवले. थंड पेट्यांतले बहुतेक मेले, गरम पेट्यांतले बहुतेक जगले. कोट्यवधी वर्षांपासून मासे, सरडे, पक्षी, सस्तन प्राणी सगळेच आजारात अंग तापवत आले आहेत, ते उगाच नाही. वाढलेल्या उष्णतेत बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशी अधिक चपळ होतात.

म्हणून ताप कधीच उतरवू नये, असंही मी म्हणणार नाही. आपण सरडे नाही. 2015 साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या अतिदक्षता विभागांत, ताप आणि जंतुसंसर्ग असलेल्या सुमारे 700 प्रौढ रुग्णांपैकी निम्म्यांना पॅरासिटामॉल आणि निम्म्यांना तसंच दिसणारं निरुपद्रवी द्रव्य दिलं गेलं. जगण्यात फरक पडला नाही, या बाजूलाही नाही आणि त्या बाजूलाही नाही. म्हणजे औषध देऊन ताप उतरवल्याने आजार लवकर बरा होत नाही, आणि उतरवल्याने मोठं नुकसानही होत नाही. मग निर्णय कशावर घ्यायचा? मुलाच्या त्रासावर. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2011 साली हेच लिहिलं: उद्देश मुलाला आराम देण्याचा असावा, आकडा खाली आणण्याचा नाही.

102 ताप असूनही मूल खेळतंय, पाणी पितंय, तुमच्याकडे बघून हसतंय, तर औषध दिलं नाही तरी चालेल. 100.8 च आहे, पण अंग ठणकतंय, डोकं दुखतंय, ते कुरकुरतंय आणि घोटभर पाणीही घेत नाही, तर द्या. झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवू नका. ती झोप औषधापेक्षा जास्त कामाची आहे.

औषधाकडून अपेक्षाही योग्य ठेवा. पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या ते एका तासाने परिणाम सुरू होतो, दोन-तीन तासांत तो सर्वात जास्त असतो, आणि ताप साधारण दोन-तीन अंश फॅरनहाइट उतरतो. 104 चा 101.5 झाला म्हणजे औषधाने आपलं काम केलं. "नॉर्मल आला नाही" म्हणून पुन्हा औषध, पुन्हा पुसणं, याला काही आधार नाही. आजार आहे तोवर ओसरल्यावर ताप पुन्हा चढणारच.

काही माणसांच्या बाबतीत मात्र ताप लवकर उतरवणं योग्य ठरतं, कारण वाढलेल्या उष्णतेचा ताण त्यांना झेपत नाही. अंगाचा ताप एक अंश सेल्सियसने वाढला की प्राणवायूची गरज साधारण दहा टक्क्यांनी वाढते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असलेली मुलं आणि वृद्ध, डोक्याला नुकताच मार लागलेले रुग्ण, गरोदर बाई, यांना ताप आला तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून लगेच औषध द्यावं.

"ताप डोक्यात जाईल" ही भीती

त्या रात्री आईला खरी भीती वाटत होती ती याची, आणि बहुतेक घरांत पुसण्यामागे हीच भीती असते. संसर्गाच्या तापात फ्लोटची खूण साधारणतः 106 फॅरनहाइटच्या पुढे जात नाही, शरीर स्वतःच तिथे थांबतं. उष्णतेमुळे मेंदूला इजा व्हायला याहून बरंच जास्त, 107 च्या पलीकडचं तापमान लागतं, आणि ते उष्माघातात दिसतं. ज्याला आपण "ताप मेंदूत गेला" म्हणतो तो मेंदूज्वर. तिथे जंतू मेंदूत गेलेले असतात, आणि ताप हा त्याचा परिणाम असतो. पुसून तो टळत नाही.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात झटका येऊ शकतो, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना. तो पाहणं भयंकर असतं, हे मी मान्य करते. पण साधा झटका काही मिनिटांत थांबतो आणि मेंदूला इजा करत नाही. ताप उतरवून तो टाळता येतो का? फिनलंडमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, एकदा झटका येऊन गेलेल्या मुलांना पुढच्या प्रत्येक तापात तापाची औषधं भरपूर दिली, तरी झटके कमी झाले नाहीत. जपानमधल्या एका नंतरच्या अभ्यासात त्याच तापात दुसरा झटका येण्याचं प्रमाण पॅरासिटामॉलने कमी झालेलं दिसलं, पण पुढच्या तापांसाठी तसा पुरावा नाही. अनेकदा तर झटका हेच तापाचं पहिलं लक्षण असतं, ताप आहे हे कळायच्या आधीच तो येऊन जातो.

झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, भोवतालच्या टोकदार वस्तू बाजूला करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, अंगावर पाणी ओतू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर ताबडतोब रुग्णालय गाठा. पहिलाच झटका असेल तर थांबला तरी त्याच दिवशी दाखवा.

चौथी चूक: बाटली न वाचता मिली मोजणं

आता बाबांच्या त्या दुसऱ्या बाटलीकडे येते. मुलाचं वजन 12 किलो. पॅरासिटामॉलचा एक डोस किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे त्याला 120 ते 180 मिलिग्रॅम. साडेआठला आईने दिलेलं औषध 5 मिलीत 125 मिलिग्रॅमचं होतं, म्हणजे 125 मिलिग्रॅम. बरोबर. पाऊण वाजता बाबांनी दिलेली बाटली 5 मिलीत 250 मिलिग्रॅमची होती, मोठ्या बहिणीसाठी आणलेली. तेच पाच मिली, पण दुप्पट औषध, किलोमागे जवळजवळ 21 मिलिग्रॅम. एकदा झालेल्या एवढ्या चुकीने त्याला इजा झाली नाही. हेच दर चार तासांनी दोन-तीन दिवस चाललं असतं तर यकृतावर परिणाम झाला असता.

आपल्याकडे याच औषधाचे थेंब मिळतात ते 1 मिलीत 100 मिलिग्रॅम, म्हणजे त्या साध्या औषधाच्या चौपट घट्ट. म्हणून 180 मिलिग्रॅम द्यायचे तर 125 च्या बाटलीतून 7.2 मिली, 250 च्या बाटलीतून 3.6 मिली, आणि थेंबांमधून 1.8 मिली. डॉक्टरांनी "पाच मिली" सांगितलं असेल तर ते कुठल्या बाटलीचं, हे विचारून बाटलीवरच पेनने लिहून ठेवा. मुलाचं आजचं वजन धरा, सहा महिन्यांपूर्वीचं नको. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. दोन डोसांमध्ये किमान चार तास, शक्यतो सहा, आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त डोस नकोत. दिलेली वेळ कागदावर लिहा, म्हणजे आईने दिलेलं औषध अर्ध्या तासाने आजी पुन्हा देणार नाहीत. सर्दीच्या काही औषधांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, तेही वाचून घ्या.

दुसरी औषधं स्वतःच्या मनाने देऊ नका. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही दोन्ही डेंग्यूची शक्यता असताना नकोत, कारण रक्तस्राव वाढू शकतो, आणि पावसाळ्यात महाराष्ट्रात कुठल्याही तापात ती शक्यता गृहीतच धरावी लागते. निमेसुलाइडवर 12 वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात 2011 पासून बंदी आहे. ॲस्पिरिन मुलांच्या तापात कधीच नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा जास्त ताप असेल तर यातलं काहीच घरी करत बसू नका. तसंच दाखवायला या, रात्र असली तरी.

पाचवी चूक, जी या घरात झाली नाही: ताप उतरला म्हणजे सुटलो असं मानणं

पावणेतीन वाजता त्या मुलाच्या कपाळावर घाम आला. शाल काढून ठेवली. ताप 101.4 होता. त्याने आजीकडे बिस्किट मागितलं आणि ते खाऊन झोपी गेला. घसा लाल होता, कान ठीक, छाती ठीक, मान मऊ, अंगावर पुरळ नाही. विषाणूचा साधा ताप असावा असं वाटत होतं. पण जुलै होता, म्हणून मी त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली.

डेंग्यूत धोका ताप चढलेला असताना कमी आणि उतरताना जास्त असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप जातो त्या वेळी आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत. त्या काळात रक्तवाहिन्यांतून पातळ भाग झिरपायला लागतो. थर्मामीटर 98 दाखवतो आणि घर निर्धास्त होतं, पण मूल आणखी मलूल होतं. पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, लघवी कमी होते, आणि हातपाय गार पडतात.

हातपाय गार पडणं इथे पुन्हा येतं, आणि त्याचा अर्थ उलटा आहे. ताप चढताना, हुडहुडीत, गार पडलेले हातपाय म्हणजे टाकी भरते आहे एवढंच. थंडी थांबली की ते आपोआप गरम होतात. ताप नसताना गार, चिकट पडलेले हातपाय म्हणजे रक्त तिथवर नीट पोचत नाही. हाताच्या बोटाचं नख पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. गुलाबी व्हायला त्याहून वेळ लागला, आणि मूल सुस्त असेल, तर तडक रुग्णालयात जा.

तापाचा आकडा काहीही असो, श्वास लागत असेल, बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, मूल हाक मारूनही नीट जागं होत नसेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, मान ताठ असेल, किंवा अंगावर दाबूनही फिकट न होणारे जांभळे ठिपके असतील तर वाट पाहू नका. यातलं काही नसेल तरी तीन दिवसांच्या पुढे ताप राहिला की तपासून घ्या.

त्या मुलाला तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. रक्ताची तपासणी ठीक आली. चौथ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. "मॅडम, कालपासून ताप नाही. हात गरम आहेत, नख लगेच गुलाबी होतंय, सकाळपासून दोनदा शू केली. आता आजीच्या मागे लागलाय, बाहेर ने म्हणून." मी विचारलं, पोट दुखतंय का, उलटी झाली का. नाही म्हणाली. उद्या संध्याकाळपर्यंत असंच लक्ष ठेवा, असं सांगून मी फोन ठेवला.